सात हजार उघड्या नोंदींचं स्थलांतर

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. आज ती शाळेत शिकवली जाते आणि बँकांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सगळीकडे वापरली जाते. एवढ्या मोठ्या व्यवहारात रोज कुठे ना कुठे चूक सापडते. कुणी ती कळवतं, कुणी शंका काढतं, कुणी दुरुस्ती सुचवतं, आणि हे सगळं एका ठिकाणी नोंदलं जातं. अशा जागेला या क्षेत्रातले लोक ट्रॅकर म्हणतात आणि प्रत्येक नोंदीला इश्यू. २००७ पासून पायथनचा ट्रॅकर `bugs.python.org` या पत्त्यावर, राउंडअप नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालत होता. एप्रिल २०२२ मध्ये तो तिथून उचलून गिटहब या संकेतस्थळावर नेण्यात आला. ५० हजारांहून अधिक इश्यू हलवायचे होते आणि त्यांतले सात हजारांच्या आसपास अजून उघडे होते, म्हणजे कुणी ना कुणी त्यांच्यावर काम करत होतं किंवा निदान वाट पाहत होतं.

हलवण्याचं कारण साधं होतं. पायथनचा मूळ कोड २०१७ मध्येच गिटहबवर गेला होता. म्हणजे दुरुस्ती एका घरात आणि तिच्याबद्दलची चर्चा दुसऱ्या घरात, अशी पाच वर्षं गेली. मारिएटा विजया यांनी २०१८ मध्ये पीईपी ५८१ हा प्रस्ताव मांडला आणि २०१९ मध्ये तो मंजूर झाला. प्रत्यक्ष काम पार पाडण्यासाठी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने एझिओ मेलोटी यांना नेमलं. मेलोटी जुन्या ट्रॅकरची देखभाल अनेक वर्षं करत आलेले. जुन्या व्यवस्थेतला कुठला रकाना खरंच वापरात आहे आणि कुठला केवळ शोभेचा, हे अशा माणसालाच ठाऊक असतं.

मंजुरीपासून स्थलांतरापर्यंत तीन वर्षं लागली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एका तक्त्यातली माहिती दुसऱ्या तक्त्यात घालायची, यात एवढं काय आहे? खरी अडचण अशी की दोन्ही तक्ते एकाच आकाराचे नसतात.

राउंडअपमध्ये एका इश्यूला भरपूर रकाने होते. इश्यू उघडा आहे, उत्तराची वाट पाहतो आहे की बंद झाला आहे, हे ‘स्थिती’च्या रकान्यात. बंद झाला तर कसा झाला, म्हणजे दुरुस्त झाला, नाकारला गेला की दुसऱ्या इश्यूचीच नक्कल निघाला, हे ‘निकाल’ या वेगळ्या रकान्यात. काम कुठवर आलं, चाचणी हवी आहे की दुरुस्ती तपासायची बाकी आहे, यासाठी ‘टप्पा’. शिवाय प्रकार, प्राधान्य, पायथनच्या कोणत्या आवृत्त्यांमध्ये हा दोष आहे, कोणत्या भागात आहे, हा इश्यू कोणत्या इश्यूवर अवलंबून आहे, आणि कोणाकोणाला कळवत राहायचं यांची ‘नोझी’ नावाची यादी. नाक खुपसणाऱ्यांची ही यादी ट्रॅकरमधली बहुधा सर्वांत उपयोगी गोष्ट होती.

गिटहबमध्ये तेव्हा इश्यूला दोनच अवस्था होत्या, उघडा आणि बंद. बाकी जे काही सांगायचं ते लेबल लावून सांगायचं. लेबल म्हणजे नोंदीवर डकवलेली रंगीत चिठ्ठी. एका नोंदीवर कितीही चिकटवा, पण एक लावली की दुसरी निघाली पाहिजे असं बंधन गिटहब घालत नाही. राउंडअपच्या रकान्यात एका वेळी एकच प्राधान्य बसायचं. लेबलांच्या जगात एकाच इश्यूवर परस्परविरोधी दोन चिठ्ठ्याही शांतपणे नांदू शकतात.

मग सोपा मोह होतो तो असा की जुन्या रकान्यातल्या प्रत्येक किमतीसाठी एकेक लेबल तयार करायचं. काहीच गमावलं नाही, याचं समाधान मिळतं. महिनाभरात शे-सव्वाशे लेबलांची यादी होते आणि ती कुणी लावेनासं होतं. पायथनच्या मंडळींनी तसं केलं नाही, आणि त्यांच्या निवडीत या विषयातलं सगळं मर्म आहे. प्रत्येक किमतीला विचारायचा प्रश्न असा: उद्या कोणी या किमतीवरून यादी गाळून काढणार आहे का? काढणार असेल तर ती नव्या व्यवस्थेत जिवंत राहिली पाहिजे. केवळ कधीतरी कोणाला वाचायची वेळ येईल अशी असेल, तर ती मजकूर म्हणून नोंदीसोबत ठेवली की पुरे.

प्रकाराचा रकाना पहिल्या वर्गातला. `behavior` चं झालं `type-bug`, `crash` चं `type-crash` आणि `enhancement` चं `type-feature`. प्राधान्याचा रकाना मात्र फोडावा लागला. बहुतेक इश्यूंचं प्राधान्य `normal` असायचं, कारण फॉर्म भरताना तेच आपोआप पडायचं. सगळ्यांना लागू असलेली खूण काहीच सांगत नाही, म्हणून तिच्यासाठी लेबल नाही. उलट `release blocker` ही किंमत थोड्याच इश्यूंवर असायची, पण नवी आवृत्ती काढणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा तीच यादी उघडतो. तिचं लेबल झालंच पाहिजे. वाट पाहणाऱ्या इश्यूंची स्थिती `pending` हीदेखील लेबल होऊन आली, कारण ठरावीक काळात उत्तर आलं नाही तर असे इश्यू कुणीतरी बंद करायचे असतात. टप्प्याचा रकाना लेबलांत आला नाही. गिटहबवर इश्यूला दुरुस्ती जोडलेली आहे का आणि ती तपासली गेली का, हे तिथेच दिसतं. जे उघड दिसतं ते हाताने पुन्हा लिहीत बसलं, तर दोन्हींत तफावत पडण्याखेरीज काही निष्पन्न होत नाही.

हे एका नोंदीवर चालवून पाहिलं की नीट उमगतं. समजा, एक इश्यू २०१६ पासून उघडा आहे. प्रकार `behavior`, टप्पा `patch review`, प्राधान्य `normal`, आणि दोष पायथन २.७, ३.६ आणि ३.१० या आवृत्त्यांत असल्याची नोंद. २.७ ला जानेवारी २०२० पासून आधार नाही, ३.६ चा २०२१ च्या अखेरीस संपला. स्थलांतराच्या वेळी या दोन आवृत्त्यांत कोणी काही दुरुस्त करणार नव्हतं, म्हणून त्यांची लेबलं देऊन उपयोग नाही, ३.१० चं तेवढं द्यायचं. पण हा दोष २.७ पासूनचा आहे, ही माहिती निरुपयोगी नाही. कारण शोधणाऱ्याला ती फार मोठा दुवा देते. तेव्हा ती फेकायची नाही आणि लेबलही करायची नाही.

त्यावरचा तोडगा पायथनच्या कोणत्याही स्थलांतरित इश्यूत आजही पाहता येतो. इश्यूच्या पहिल्या संदेशाच्या डोक्यावर एक छोटा तक्ता आहे. त्यात जुना क्रमांक, नोझी यादी, जोडलेल्या फाइली आणि दुरुस्त्या आहेत. त्याखाली एक मिटलेला कप्पा आहे, तो उघडला की जुने रकाने जसेच्या तसे दिसतात. आपल्या काल्पनिक इश्यूचा तो कप्पा साधारण असा दिसेल:

```
GitHub fields:
assignee = None
labels = ['type-bug', 'library', '3.10']

bugs.python.org fields:
priority = 'normal'
resolution = None
stage = 'patch review'
status = 'open'
type = 'behavior'
versions = ['Python 2.7', 'Python 3.6', 'Python 3.10']
```

तक्त्याशेजारी एक सूचनाही आहे. हे रकाने स्थलांतराच्या क्षणी जसे होते तसे आहेत, आज परिस्थिती वेगळी असू शकते, असा तिचा आशय. ही ओळ वगळली असती तर मोठा घोटाळा झाला असता. उद्या इश्यू बंद होईल, पण कप्प्यात `status = 'open'` असंच राहील, आणि शोधयंत्राला ते दोन्ही सापडतील. गोठवलेली माहिती गोठवलेली आहे, हे तिच्याशेजारीच लिहिलं पाहिजे.

इथवर रकान्यांचं झालं. इतिहासाचे आणखी दोन धागे असतात आणि ते रकान्यांपेक्षा लवकर तुटतात. एक म्हणजे कोण, कधी, काय बोललं. दुसरा म्हणजे क्रमांक.

गिटहबसारख्या सेवेत बाहेरून नोंद घालण्याचा जो नेहमीचा रस्ता आहे, तो घालणाऱ्याचं नाव आणि घालण्याची वेळ लिहितो. म्हणजे २००९ मधली चर्चा २०२२ मध्ये, एकाच माणसाने, एकाच रात्रीत केल्यासारखी दिसते. शंभर प्रतिक्रियांच्या जुन्या वादात कोण कोणाला उत्तर देतो आहे, हेच कळत नाही. पायथनने गिटहबच्या मदतीने वेगळा रस्ता धरला, त्यामुळे संदेशांवर मूळ तारखा टिकल्या. नावांचा प्रश्न उरला. ज्यांनी जुन्या ट्रॅकरवर आपलं गिटहबचं नाव नोंदवलं होतं, त्यांचे संदेश त्यांच्या खात्याशी जुळले. ज्यांनी नोंदवलं नव्हतं, जे कधीच काम सोडून गेले होते किंवा वारले होते, त्यांच्यासाठी गिटहबने पुतळे उभे केले. हा शब्द त्यांचाच, `mannequin`, कपड्यांच्या दुकानात असतो तो. जुन्या नावापुढे हा शब्द दिसला की समजायचं, माणूस खरा होता, खातं खरं नाही. बोललेलं कुणाच्या तरी तोंडी राहिलं आणि भलत्याच्या तोंडी गेलं नाही, एवढं साधलं. तेही कमी नाही.

विकिपीडियामागच्या विकिमीडिया संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये असंच स्थलांतर केलं होतं, बगझिला सोडून फॅब्रिकेटरकडे. तिथे सगळे संदेश `bzimport` नावाच्या एका यांत्रिक खात्याने भरले आणि मूळ लेखकाचं नाव मजकुरात लिहिलं. पुढे ज्याने जुन्याच ईमेल पत्त्याने नवं खातं उघडलं, त्याचे जुने संदेश त्याच्या नावावर चढवले गेले. बगझिलात नवी, अपुष्ट, कुणाकडे सोपवलेली आणि पुन्हा उघडलेली, अशा वेगवेगळ्या अवस्था होत्या. फॅब्रिकेटरमध्ये त्या सगळ्या ‘उघडी’ या एकाच अवस्थेत आल्या. यात नुकसान वाटतं तितकं नाही, कारण काम कुणाकडे सोपवलं आहे हे त्या माणसाच्या नावावरून वेगळं कळतंच. तीव्रतेचा रकाना फॅब्रिकेटरमध्ये नव्हता, म्हणून तो वर्णनाच्या तळाशी मजकुरात गेला. जुन्या मराठी विकिपीडियाच्या तक्रारी शोधणाऱ्याला आजही असे तळटिपेसारखे रकाने भेटतात.

पण विकिमीडियाची खरी हुशारी क्रमांकांत होती. फॅब्रिकेटरमध्ये आधीपासून काही कामं भरलेली होती, त्यामुळे बगझिलाचे क्रमांक जसेच्या तसे देता येत नव्हते. त्यांनी प्रत्येकात दोन हजार मिळवले. बगझिलातला १२३४५ हा दोष झाला `T14345`. तक्ता नको की यंत्र नको, बेरीज येणाऱ्या कुणालाही जुन्या ईमेलमधला क्रमांक वाचून नवी नोंद सापडते.

पायथनला ही चैन परवडण्यासारखी नव्हती. गिटहबमध्ये इश्यू आणि दुरुस्त्या यांना एकाच माळेतले क्रमांक मिळतात, आणि २०१७ पासून हजारो दुरुस्त्यांनी तीस हजारांपर्यंतचे क्रमांक आधीच घेतलेले. शिवाय २००७ च्या आधीच्या, सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून आलेल्या इश्यूंना सहा-सात आकडी क्रमांक होते. माळ एकच, आणि तिच्यात आधीचे मणी ओवलेले. प्रत्येक इश्यूला नवा क्रमांक मिळाला आणि जुन्या-नव्यात कोणतंही गणिती नातं राहिलं नाही.

हे धोक्याचं होतं, कारण जुना क्रमांक केवळ ट्रॅकरमध्ये नसतो. कोडमधल्या टिपांत, बदलांच्या याद्यांत, पुस्तकांत, कुणाच्या तरी सादरीकरणात तो पसरलेला असतो. आणि तोच आकडा नव्या जागी एखाद्या भलत्याच दुरुस्तीचा असू शकतो. चुकीचा दुवा तुटक्या दुव्यापेक्षा वाईट, कारण तो उघडतो. म्हणून पायथनमध्ये जुन्या क्रमांकाला `bpo-` आणि नव्याला `gh-` हे उपपद लावतात. गिटहबवर `bpo-12345` असं लिहिलं की त्याचा आपोआप दुवा होतो आणि तो जुन्या संकेतस्थळावरून फिरून नव्या इश्यूवर जातो. जुनं संकेतस्थळ बंद केलेलं नाही, ते फक्त वाचण्यापुरतं उघडं आहे. तिथल्या प्रत्येक पानावर नव्या इश्यूचा पत्ता आहे.

इश्यूंच्या आपापसांतल्या नात्यांसाठीही हाच तक्ता लागतो. ‘हा इश्यू अमक्याची नक्कल आहे’ असं लिहायचं, तर अमक्याचा नवा क्रमांक आधी माहीत हवा, आणि तो कदाचित अजून जन्मालाच आलेला नसतो. म्हणून असं काम दोन फेऱ्यांत करावं लागतं. पहिल्या फेरीत सगळ्या नोंदी तयार करून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता बनवायचा, दुसऱ्या फेरीत मजकुरातली नाती त्यावरून लावायची. एकाच फेरीत उरकणाऱ्यांची अर्धी नाती हवेत लटकतात, आणि ती नेमकी मागाहून तयार झालेल्या नोंदींकडे बोट दाखवणारी असतात.

पायथनइतका पसारा नसलेल्या, दहा-वीस माणसांच्या कार्यालयातही हेच प्रश्न येतात, फक्त आकडे लहान असतात. तिथे बहुतेकदा माहिती सीएसव्ही फाइलमध्ये काढून नव्या सेवेत भरली जाते, आणि त्यात तीन जागी हमखास पाय घसरतो.

पहिली जागा तारखेची. आपल्याकडे ०३/०४/२०२२ म्हणजे तीन एप्रिल, अमेरिकी पद्धतीने वाचणाऱ्या प्रणालीला ते चार मार्च. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढच्या तारखा तिला कळतच नाहीत, त्यामुळे त्या ओळी त्रुटी देऊन अडतात आणि लोक तेवढ्या दुरुस्त करतात. बारापर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलटून आत जातात. त्रुटी आलेल्या सगळ्या नोंदी एकजात बारा तारखेनंतरच्या दिसल्या, तर उरलेल्याही चुकल्या आहेत असंच समजावं. वेळेचा फरकही असाच लपतो. भारतातली मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा असते, आणि केवळ तारीख असलेली मुदत वेळ म्हणून साठवली गेली तर ती एक दिवस मागे सरकते.

दुसरी जागा निकालाच्या रकान्याची, आणि जिरा वापरणाऱ्यांना ती विशेष नडते. जिरामध्ये निकालाचा रकाना रिकामा असेल तर पडद्यावर `Unresolved` असं दिसतं. ते वाचून कुणी भरणीच्या फाइलमध्ये उघड्या कामांपुढे `Unresolved` हाच शब्द लिहितं आणि तशी किंमत तयार करतं. जिराच्या लेखी रकान्यात काहीही असलं की काम निकाली निघालं. सगळी उघडी कामं उघड्या यादीतून नाहीशी होतात, आणि स्थितीचा रकाना मात्र बरोबर दिसत असल्याने कारण लवकर सापडत नाही. अशा वेळी स्थिती उघडी पण निकाल भरलेला, अशा नोंदी गाळून पाहाव्यात. त्या एकही असता कामा नयेत.

तिसरी गोष्ट चूक नाही, मर्यादा आहे. सीएसव्हीतून जिरात शेरे नेता येतात, त्यांचे लेखक आणि वेळाही नेता येतात. काम कोणत्या दिवशी ‘सुरू’ मधून ‘तपासणी’ मध्ये गेलं, हा बदलांचा इतिहास मात्र जात नाही. एखादं काम किती दिवस कुठे अडकलं याचे अहवाल काढणाऱ्या कार्यालयाने हा इतिहास आधी वेगळा काढून ठेवावा, आणि प्रत्येक उघड्या कामाच्या पहिल्या शेऱ्यात त्याचा मजकूर चिकटवावा. अहवाल त्यावरून पुन्हा निघणार नाही, पण विचारलं तर सांगता येईल.

तपासणीचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच लोक टाळतात. आधी जुनी सेवा फक्त वाचण्यापुरती करायची, नाहीतर मोजदाद चालू असतानाच नव्या नोंदी पडत राहतात. मग प्रत्येक स्थितीत किती नोंदी होत्या आणि किती आल्या हे मोजायचं. एकूण आकडा जुळला एवढ्यावर थांबू नये, कारण दहा उघडी कामं बंद म्हणून गेली तरी एकूण तितकंच राहतं. त्यानंतर सर्वांत जुनी, सर्वांत जास्त शेरे असलेली आणि देवनागरी मजकुराची, अशा थोड्या नोंदी डोळ्यांनी वाचायच्या. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले, तर फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ सांकेतिक पद्धतीत काढलेली नाही हे लगेच कळतं.

पायथनच्या स्थलांतरातही एक गोष्ट पूर्ण साधली नाही. इश्यूंना जोडलेल्या जुन्या दुरुस्त्यांच्या फाइली जुन्याच संकेतस्थळावर राहिल्या, नव्या जागी त्यांचे फक्त दुवे आहेत. ते संकेतस्थळ चालू आहे तोवर हे चालेल. कार्यालयांना तर हे मुळीच परवडणार नाही, कारण भाड्याने घेतलेली सेवा वर्गणी थांबली की फाइलींसह जाते. म्हणून वर्गणी रद्द करण्याआधी जोडफाइली उतरवून घ्याव्यात, आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता दोन्ही सेवांच्या बाहेर, साध्या फाइलमध्ये जपून ठेवावा.